साडेतीन वाजता शिल्लक किती?

पुण्याचा नकाशा घ्या, कंपासचे टोक नूमविवर ठेवा आणि 500 मीटरचे वर्तुळ काढा. मग टोक हुजूरपागेवर, रमणबागेवर, पेरूगेटच्या भावे स्कूलवर, ज्ञान प्रबोधिनीवर आणि टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलवर ठेवून तेच करा. वर्तुळे एकमेकांवर अशी चढतात की सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत एखादी टपरी मोकळी सुटलीच, तर तिच्या मालकाने पेढे वाटावेत.

हा उद्योग मी एकदा खरोखर करून पाहिला. निमित्त होते 12 जुलै 2024 रोजी विधान परिषदेत झालेल्या चर्चेचे. आमदार सत्यजीत तांबे यांनी शाळांच्या आसपास मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकचा प्रश्न मांडला होता. त्यावर अन्न व औषध प्रशासन खात्याचे तेव्हाचे मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सांगितले, की शाळांपासून 500 मीटरच्या आत जादा कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करण्याचा आदेश लवकरच काढू. उपसभापती, म्हणजे आपल्या पुण्याच्याच नीलम गोऱ्हे, यांनी अशा पेयांची यादी करून सगळीकडे पाठवा, असे खात्याला बजावले. चर्चा सगळी अंतराची झाली, शाळेपासून बाटली किती लांब असावी याची. माझ्या घरात मात्र त्या वर्षी वेगळाच प्रश्न निघाला होता, आणि तो घड्याळाचा होता.

बहिणीचा मुलगा बारावीसाठी आमच्याकडे राहायला होता. वय 17, वजन 55 किलो. दिवसभर कॉलेज आणि क्लास, संध्याकाळी थोडा वेळ ढोल पथकाचा सराव, मग जेवून अभ्यासिकेत. पेठांत राहणाऱ्यांना अभ्यासिका म्हणजे काय ते सांगायला नको. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीचा एक मजला, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा, आणि खाली टपरी. एमपीएससीवाले तिथे चहावर जगतात. त्यांच्या निम्म्या वयाची मुले फ्रीजमधली रंगीत बाटली घेतात. भाच्याचा हिशेब ठरलेला होता. एक बाटली सरावाआधी साडेपाचला, दुसरी अभ्यासिकेत साडेदहाला. मी विचारले तर म्हणाला, "मामा, दोनच तर घेतो. तुम्ही दिवसाला चार चहा घेता."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी बाटली फिरवून मागची बाजू वाचली.

आपल्याकडच्या नियमांत 'एनर्जी ड्रिंक' नावाचे वेगळे मानक नाही. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, या पेयाला दिलेले नाव आहे 'कॅफिनेटेड बेव्हरेज'. 2024 च्या एप्रिलमध्ये या प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांनाही बजावले होते, की दूध, धान्य किंवा माल्टवर आधारलेली पेये 'एनर्जी ड्रिंक' किंवा 'हेल्थ ड्रिंक' अशा सदराखाली ढकलू नका. कॅफिनेटेड पेयात लिटरमागे किमान 145 आणि जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफीन चालते. म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत किंवा डब्यात 36 ते 75 मिलिग्रॅम. खपणारी पेये बहुधा वरच्या टोकाला असतात. त्यावर 'हाय कॅफीन' असे लिहावे लागते. मुले, गरोदर आणि स्तनदा माता, कॅफीन न सोसणारे लोक आणि खेळाडू यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, आणि दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये, अशी सूचनाही छापावी लागते. सूचना असते, फक्त ती वाचायला तिशीच्या आतले डोळे लागतात. आणि ते डोळे ज्यांच्याकडे आहेत ते पुढची बाजू बघतात.

आता चहाची तुलना. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असते, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि गाळलेल्या कॉफीत 80 ते 120. तेव्हा नुसत्या कॅफीनपुरते पाहिले तर एक बाटली म्हणजे दोन साधे चहा, किंवा एक बरी कॉफी. यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि एनर्जी ड्रिंकवर लिहिणारे पुष्कळ लोक इथे उगाच आरडाओरडा करतात. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2015 मध्ये मुलांसाठी जी मर्यादा योग्य मानली, ती दिवसाला किलोमागे 3 मिलिग्रॅमची. 55 किलोच्या भाच्याला ती 165 मिलिग्रॅम होते. दोन बाटल्यांचे झाले 150. म्हणजे तो मर्यादेच्या आतच होता. सकाळचा आणि दुपारचा चहा धरला की बाहेर जातो, आणि 45 किलोची एखादी मैत्रीण त्याच दोन बाटल्यांत 135 ची रेषा ओलांडते. पण तरी ही काही भयकथा नव्हे.

फरक पिण्याच्या पद्धतीत आहे. चहा गरम असतो, फुंकर मारत, गप्पा मारत प्यावा लागतो, आणि दुसरा मागवायला पुन्हा हाक मारावी लागते. ही बाटली बर्फासारखी थंड आणि गोड असते. सरावाहून आलेले तहानलेले पोर ती दोन मिनिटांत रिकामी करते. कडू चव साखरेखाली दडलेली असल्याने जीभही सावध करत नाही. साखर घातलेल्या पेयात 100 मिलिलिटरला 11 ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते, म्हणजे बाटलीत सुमारे 27 ग्रॅम. दोन बाटल्यांत ती 54 ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना 2000 कॅलरींच्या आहारात दिवसभराची वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि 25 च्या आत राहिली तर उत्तम. साखरेने तरतरी येते हा समज मात्र जाहिरातींनी रुजवला आहे. तरतरी येते ती कॅफीनची. साखर तिला फक्त गिळायला सोपी करते.

आता घड्याळाकडे येऊ. कॅफीन अर्ध्या-पाऊण तासात रक्तात पोचते आणि मग यकृत ते हळूहळू मोडते. अंगात जेवढे आहे त्यातले निम्मे संपायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन लागतात, कुणाला सात. अर्धे संपले की उरलेल्याचे अर्धे व्हायला पुन्हा पाच तास. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल, पण तो कोणी करत नाही. भाच्याचा मी वहीवर करून दाखवला.

साडेपाचला पहिली बाटली, 75 मिलिग्रॅम. साडेदहाला त्यातले साडेसदतीस शिल्लक. त्याच क्षणी दुसरी बाटली, म्हणून एकूण झाले सुमारे 112. अभ्यासिकेतून एकला घरी येऊन तो सव्वाला आडवा होतो, तेव्हा अंगात सुमारे 77 मिलिग्रॅम आहे. "म्हणजे झोपताना मी एक अख्खी बाटली पिऊन झोपतो?" त्याने विचारले. तसेच. पहाटे साडेतीनला, घर जेव्हा सगळ्यात गाढ झोपेत असते, तेव्हा त्याच्या रक्तात 56 मिलिग्रॅम, म्हणजे चांगला कडक चहा. सकाळी साडेसहाला गजर वाजतो तेव्हा 37, अर्धी बाटली. युरोपच्या त्याच संस्थेने आणखी एक आकडा दिला आहे. झोपेच्या सुमारास किलोमागे 1.4 मिलिग्रॅम एवढे कॅफीनही काहींची झोप बिघडवू शकते. 55 किलोला तो येतो 77. म्हणजे दिवसाच्या हिशेबात पास झालेला मुलगा रात्रीच्या हिशेबात काठावर उभा होता.

हे कॅफीन तिथे नेमके करते काय? पेशी काम करतात तेव्हा त्यांच्या इंधनाच्या ज्वलनातून अॅडेनोसिन नावाचे द्रव्य उरते. दिवसभर ते मेंदूत साचत जाते. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. अॅडेनोसिन तिथे जाऊन बसले की पेशी मंदावते, आणि आपण जांभई देतो. कॅफीनचा रेणू अॅडेनोसिनसारखाच दिसतो. तो त्या जागेवर बसतो, पण मंदावण्याचे काम करत नाही. स्वारगेटला एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा हा रुमाल. जागा भरलेली दिसते, प्रवासी मात्र बसलेला नसतो. अॅडेनोसिन उभेच राहते आणि उभ्या असलेल्यांची गर्दी वाढत जाते. पाच-सात तासांनी रुमाल उचलले गेले की सगळे एकदम बसतात. सकाळी सातच्या तासाला बाकावर मान टाकणाऱ्या मुलाचे हेच झालेले असते. म्हणून बाटली 'शक्ती' देत नाही. थकव्याची पावती ती उशिरा फाडते, इतकेच.

डेट्रॉइटमध्ये 2013 साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात 12 निरोगी प्रौढांना 400 मिलिग्रॅम कॅफीन झोपेच्या सहा तास आधी दिले, तरी त्यांची झोप तासाभराहून जास्त घटली. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. यंत्राने मोजलेली घट त्या लोकांना स्वतःला तेवढी जाणवली नव्हती. मात्रा मोठी होती आणि माणसे मोठी होती, हे खरे. पण "मला काही होत नाही, मी कॉफी पिऊन पण झोपतो" या वाक्याची किंमत त्यातून कळते. झोप लागते. ती उथळ होते, गाढ झोपेचा भाग आकसतो, आणि झोपणाऱ्याला तो आकसलेला भाग आठवत नाही, कारण तेव्हा तो झोपलेला असतो.

मोठ्यांपेक्षा या वयाला हे महाग का पडते, याचेही कारण शरीरातच आहे. वयात येताना झोपेचे संप्रेरक, मेलाटोनिन, रात्री उशिरा स्रवू लागते. तासा-दोन तासांनी घड्याळ पुढे सरकते. म्हणून पंधरा-सोळाच्या मुलाला दहाला झोप येत नाही, हा काही सगळाच मोबाइलचा दोष नव्हे. या वयाला झोप हवी असते आठ ते दहा तास. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये आदेश काढून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असे सांगितले, आणि कारण झोपेचेच दिले. पहाटे आपोआप उठणाऱ्या सहा वर्षांच्या पोरांना सूट मिळाली. ज्यांचे घड्याळ निसर्गानेच उशिरावर लावले आहे ती अकरावी-बारावीची मुले मात्र सातच्या क्लासला. भाच्याला सव्वा ते साडेसहा म्हणजे सव्वापाच तास मिळत होते, आणि तेही रुमाल टाकलेले. दुपारी पेंगायचा, म्हणून साडेपाचची बाटली. साडेपाचची बाटली घेतली की रात्री ताजातवाना, म्हणून साडेदहाची. बाटली ज्या पेंगेवर औषध म्हणून येत होती, ती पेंग बाटलीनेच आणली होती.

आता हृदय. एका रविवारी दुपारी सोफ्यावर पडल्यापडल्या भाचा म्हणाला, "छातीत मासा उडी मारतो तसं होतं." ही उपमा त्याची, पण तिच्यात लक्षण अचूक आहे. अॅडेनोसिनच्या जागा हृदयातही असतात, आणि तिथेही त्याचे काम मंदावण्याचेच. ते इतके खरे आहे, की एका विशिष्ट प्रकारे बेफाम धावू लागलेल्या हृदयाला ताळ्यावर आणायला डॉक्टर शिरेतून अॅडेनोसिनच देतात. पडद्यावरची रेघ काही सेकंद सपाट होते, नातेवाइकांचा श्वास अडकतो, आणि ठोके पुन्हा शिस्तीत सुरू होतात. अॅडेनोसिन देऊन करायच्या हृदयतपासणीआधी चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात, तेही याच कारणाने. रुमाल टाकलेले असतील तर औषधाला बसायला जागाच नसते. कॅफीन हा ब्रेक सैल करते आणि वर अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचे प्रमाणही वाढवते.

अशा हृदयात एखादा ठोका वेळेआधी पडतो. आधीच पडल्याने तो कमजोर असतो, कळतही नाही. त्यानंतर थोडा विराम येतो, हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते, आणि पुढचा ठोका धप्पकन लागतो. मासा उडी मारतो तो इथे. जर्मनीत म्युनिकच्या विद्यापीठातील बालहृदयरोग विभागाने हे मुलांवरच तपासले. सुमारे दोन डझन निरोगी मुलांना एका दिवशी एनर्जी ड्रिंक दिले आणि दुसऱ्या दिवशी तशाच चवीचे खोटे पेय दिले. कॅफीन किलोमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे तीच मर्यादा. पेयानंतर 24 तासांचा रक्तदाब वर गेला, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येणारे जादा ठोके वाढले. धोकादायक लय मात्र एकाही मुलात दिसली नाही. ही दोन्ही वाक्ये बरोबरच वाचायला हवीत. निरोगी मुलाला एका बाटलीने काही होणार नाही, याची खात्री त्यातून पुष्कळशी मिळते. आणि मर्यादेतली मात्रासुद्धा हृदयाला कळते, हेही त्यातूनच दिसते.

मग बातम्यांत येणारे मृत्यू कुठून येतात? 2017 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात एक 16 वर्षांचा मुलगा दोन तासांत कॉफी, कॅफीनचे एक मोठे शीतपेय आणि एक एनर्जी ड्रिंक पिऊन वर्गात कोसळला आणि दगावला. त्याच्या हृदयात आधीचा दोष आढळला नाही. कॅफीनमुळे हृदयाची लय बिघडली, असा निष्कर्ष तिथल्या अधिकाऱ्याने काढला. अशा घटना फार थोड्या असतात. त्या समजायला हृदयाच्या विजेची एक गोष्ट माहीत असावी लागते.

प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशींतली वीज सुटते आणि मग पुन्हा भरते. संडासातल्या फ्लशची टाकी डोळ्यांसमोर आणा. साखळी ओढली की ती रिकामी होते, आणि भरेपर्यंत थांबावे लागते. ईसीजीवर हा सुटण्या-भरण्याचा काळ क्यूटी या नावाने मोजतात. ठोक्यांच्या वेगानुसार तो दुरुस्त करून घेतात. निरोगी तरुणात तो साधारण 400 मिलिसेकंद असतो. भरण्याचा काळ लांबला आणि नेमक्या त्या अर्धवट भरल्या अवस्थेत एखादा जादा ठोका येऊन आदळला, तर खालचे कप्पे शिस्तीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो.

अमेरिकेत 2019 मध्ये 18 ते 40 वयाच्या 34 निरोगी लोकांना तासाभरात जवळजवळ एक लिटर एनर्जी ड्रिंक पाजून ईसीजी काढले. कॅफीन तीनशेहून थोडे जास्त मिलिग्रॅम. चार तासांनंतरही क्यूटी सहा ते आठ मिलिसेकंदांनी लांबलेला होता. 400 मध्ये सहा-आठ म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण नवे औषध सरासरी पाचेक मिलिसेकंदांनी क्यूटी लांबवते असे दिसले, तर औषध नियंत्रक त्याची आणखी कसून चौकशी करायला लावतात. औषधाला लावतो ती चाळणी शीतपेयाला लावत नाही, एवढाच फरक. त्याच गटाने 2017 मध्ये आणखी एक चलाख तुलना केली होती. तेवढेच कॅफीन एकदा नुसते दिले आणि एकदा एनर्जी ड्रिंकमधून दिले. दोन तासांनी ड्रिंकनंतरचा क्यूटी नुसत्या कॅफीनपेक्षा सुमारे 10 मिलिसेकंदांनी जास्त होता. म्हणजे बाटलीत कॅफीनखेरीज आणखी काहीतरी काम करते आहे. या तुलनेने मला भाच्यासमोर जरा तोंड वर काढता आले. माझे चार चहा आणि त्याच्या दोन बाटल्या हृदयाच्या लेखी एकच नसतीलही.

इथे बहुतेकांचे बोट टॉरिनकडे जाते. नाव ऐकून हे बैलाचे काहीतरी असावे, अशी कुजबुज प्रत्येक कॉलेजात असते. नावापुरती ती खरी आहे. 1827 मध्ये दोन जर्मन शास्त्रज्ञांनी हे द्रव्य बैलाच्या पित्तातून वेगळे काढले, आणि लॅटिनमध्ये बैलाला 'टाउरस' म्हणतात. बाटलीतले टॉरिन मात्र कारखान्यात रासायनिक रीतीने बनते. आपले शरीर ते स्वतःही बनवते. हृदयाच्या स्नायूत ते भरपूर असते, आणि पेशींत कॅल्शियम किती ये-जा करते ते सांभाळण्यात त्याचा हात असतो. मासे-मांसातून ते रोज थोडे मिळते. 250 मिलिलिटरच्या डब्यात ते 1000 मिलिग्रॅमपर्यंत असू शकते, आणि आपल्या नियमांत दिवसाची मर्यादा 2000 ची आहे. एकट्या टॉरिनने हृदयाची लय बिघडते असे दाखवलेले नाही. कॅफीनच्या जोडीला आले की ते काय करते, हा प्रश्न 2017 च्या त्या 10 मिलिसेकंदांनी उभा केला आहे. त्याचे उत्तर मिळेतोवर टॉरिनला खलनायक करणेही चूक, आणि 'नैसर्गिक अॅमिनो अॅसिड' म्हणून त्याची आरती करणेही चूक.

खरा धोका ज्यांच्या टाकीचा नळ जन्मतःच मंद आहे त्यांना. लाँग क्यूटी हा आनुवंशिक दोष साधारण दोन हजारांत एकाला असतो. दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात सरासरी एक. त्याला स्वतःला ते माहीत असेलच असे नाही. मेयो क्लिनिकने 2024 मध्ये अचानक हृदय बंद पडूनही वाचलेल्या 144 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांत सात जणांनी घटनेच्या सुमारास एनर्जी ड्रिंक घेतले होते, आणि त्यांतल्या काहींत असेच आनुवंशिक दोष सापडले. पेयानेच हृदय बंद पडले असे त्यातून सिद्ध होत नाही. अपुरी झोप, दमवणारा व्यायाम, रिकामे पोट हेही त्या गोष्टींत असू शकते. मला मात्र हे वाचताना पथकाचा सराव दिसला. संध्याकाळची उकड, कमरेला बांधलेला ढोल, तासभर उसंत नाही, कानात आवाजाचा लोंढा, पाणी कमी आणि पोटात थंड बाटली. श्रम आणि अचानक येणारा मोठा आवाज हे लाँग क्यूटीच्या दोन प्रकारांत लय बिघडवणारे ठरलेले प्रसंग आहेत. खेळाडूंनी घेऊ नये असे बाटलीवर छापलेले असते. ढोल वाजवणारा स्वतःला खेळाडू समजत नाही.

म्हणून माशाची उडी आणि धोका यांत फरक करायला शिकले पाहिजे. पडल्यापडल्या अधूनमधून एखादा ठोका चुकला आणि चालू लागल्यावर ते थांबले, तर ते बहुधा साधे असते. पळताना, पोहताना, वाजवताना किंवा गजराने दचकून जो मुलगा बेशुद्ध पडला, त्याची गोष्ट निराळी. त्याला कांदा हुंगवून घरी पाठवायचे नसते, ईसीजी काढायचा असतो. घराण्यात कोणी चाळिशीच्या आत झोपेत किंवा पोहताना अचानक गेले असेल, तरीही. काही दोषांत आरामात काढलेला ईसीजी अगदी ठीक येतो, म्हणून पळताना पडल्याचे डॉक्टरांना मुद्दाम सांगावे लागते. तेव्हा ट्रेडमिलवर चालवून पाहतात. भाच्याचा ईसीजी आम्ही काढला. क्यूटी 410 होता. बहिणीला नगरहून येण्याची गरज पडली नाही.

बाटली त्याने सोडली ती आमच्या सांगण्याने नव्हे. घटक चाचणीच्या आठवड्यात टपरी दोन दिवस बंद होती. पहिल्याच दिवशी दुपारी त्याचे डोके असे दुखू लागले की पुस्तक उघडवेना. रोजचे कॅफीन तुटले की बारा ते चोवीस तासांत अशी डोकेदुखी सुरू होते आणि दोन ते नऊ दिवस ठाण मांडते. याचा त्याला राग आला. "हे तर व्यसन झालं," असे म्हणून त्याने वही काढली आणि हिशेब स्वतः केला. साडेदहाची बाटली रद्द. साडेपाचच्या जागी दुपारी दोनला एक चहा, 40 मिलिग्रॅम धरून. सव्वाला झोपेपर्यंत सव्वाअकरा तास, म्हणजे उरतात आठ-नऊ मिलिग्रॅम. ते त्याने मान्य केले. पहिले चार दिवस रात्री साडेअकरालाच डोळे मिटायला लागले, आणि एमपीएससीवाल्या दादांनी त्याची टर उडवली. पाचव्या दिवसापासून तो बाराला घरी येऊ लागला.

त्या टपरीवाल्याला मी एकदा विचारले, की रात्री दहानंतर ही बाटली घेणारी मुले किती. त्याने फ्रीजकडे मान वळवली. खालचे दोन कप्पे रिकामे होते. "वरचं पाणी आणि ताक सकाळी जातं," तो म्हणाला. "खालचं रात्री."